निबंधाला २० पैकी ७ मिळाले, सरांना मेल कसा लिहू?

"बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. निबंधाला २० पैकी ७ मार्क मिळाले. कुठं चुकलं ते सरांना मेल करून विचारायचं आहे, पण त्यांना राग येईल का? काय लिहू?"

राग येत नाही हो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. कंटाळा मात्र येतो, तो एकाच वाक्याचा: "सर, मार्क कमी का दिले?" याला माझं उत्तरही ठरलेलं असतं, "वाचन वाढवा." ज्याला निबंधातलं काही दाखवलंच नाही, तो दुसरं काय सांगणार?

मागच्या वर्षी एका मुलीचा मेल आला होता. निबंधाचा विषय होता 'आमच्या गावातली बदलती शेती', आणि तिलाही सातच मार्क होते. मेल साधारण असा:

"नमस्कार सर. मी प्रथम वर्ष, रोल नंबर ४२. दुसऱ्या परिच्छेदाशेजारी तुम्ही 'म्हणजे काय?' असं लिहिलं आहे. माझं वाक्य होतं, 'आज शेतकऱ्याची परिस्थिती बिकट झाली आहे.' मला वाटतं मी नुसतं विधान केलं, कारण दिलं नाही. परिच्छेद पुन्हा लिहून खाली पाठवते आहे. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं का? मार्क वाढवून मागत नाही."

खाली लिहिलं होतं: "आमच्या वावरात पूर्वी सगळी पऱ्हाटी असायची. वेचणीला तीन-चारदा मजूर लागतात आणि ऐन वेळी ते मिळत नाहीत. म्हणून बाबांनी अर्ध्या वावरात सोयाबीन घेतलं. त्याची सोंगणी एकदाच होते आणि दिवाळीनंतर तिथं हरभरा पेरता येतो."

मी बसस्टँडवरच उत्तर टाकलं. परिच्छेद सुधारला आहे, पण सोयाबीनचा फायदाच सांगितला; सोंगणीच्या वेळी पाऊस आला तर काय होतं, ते कुठं आहे? तिच्या निबंधाची खरी उणीव तीच होती, सगळं एकाच बाजूचं. पहिल्या वेळी तो परिच्छेद इतका मोघम होता की मलाही ती दिसली नव्हती.

तेव्हा आधी उत्तरपत्रिका घेऊन बसा. समासातले शेरे, लाल रेघा, प्रश्नचिन्हं पाहा आणि त्यातली एकच जागा निवडा. शेरा नसेल तर स्वतःला सगळ्यात कच्चा वाटतो तो परिच्छेद घ्या. तुमचं मूळ वाक्य, तुमचा अंदाज, नवा मजकूर आणि एक प्रश्न, एवढं पुरे. अख्खा निबंध नव्याने लिहून पाठवू नका, तो वाचायचा राहून जातो. बेरीज चुकली असं वाटत असेल तर ते वेगळं विचारा. दोन्ही एकत्र आलं की सर बेरजेचंच उत्तर देतात.

विषयाच्या जागी 'निबंधाबद्दल शंका, रोल नंबर अमुक' असं लिहा. ती जागा कोरी असली की मेल जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. उत्तरपत्रिकेचा फोटो उजेडात, सरळ काढा. आमच्यातले बरेचजण मेल मोबाईलवरच पाहतात आणि आडवा फोटो मान वाकडी करून वाचावा लागतो. चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर कागद घेऊन स्टाफरूममध्ये या, "सर, मेल टाकला होता" म्हणा.