उंदीर ड्रममुळे आलेच नव्हते

प्रश्न: किचनमधल्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचंय, पण माशा, उंदीर, झुरळं नकोत. जमेल का? गोव्यात फ्लॅटमध्ये राहतो, पावसाळ्यात तर भीतीच वाटते.

जमतं. फोंड्याला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली माझा निळा ड्रम कित्येक पावसाळे काढून उभा आहे, आणि त्या एका ड्रमवरून सोसायटीत एवढं रामायण झालंय की हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

आधी माशा. सगळ्यांना वाटतं माशी बाहेरून वास घेत घेत ड्रममध्ये शिरते. थोड्या शिरतातही, पण बऱ्याचदा त्यांची अंडी तुमच्या ओट्यावरूनच ड्रममध्ये जातात. सकाळी केळ्याचं साल, आंब्याची बाठ, माशाचं पाणी लागलेला कोथिंबिरीचा कचरा उघड्या डब्यात टाकायचा, दिवसभर माशा त्यावर बसणार, आणि आपल्याकडच्या उकाड्यात घरमाशीची अंडी दिवसाभरात फुटतात. रात्री तुम्ही तो डबा ड्रममध्ये ओतता आणि चार दिवसांनी अळ्या दिसल्या की ड्रमला शिव्या घालता. चिलटांचं तर विचारूच नका, त्यांची अंडी बाजारातून आणलेल्या फळाच्या सालीवरच असतात. म्हणून ओट्यावरचा डबा घट्ट झाकणाचा हवा, तो रोजच्या रोज रिकामा करायचा, आणि पिकलेल्या फळांच्या साली फ्रीजरमध्ये टाकून ठेवायच्या किंवा त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून, निथळून मग टाकायच्या. चवथीनंतर गणपतीच्या वर टांगलेली फळांची माटोळी उतरवली की हे फार लागतं, चिबूड, तोरंजन, काकड्या सगळं एकदम पिकलेलं असतं, ते तसंच ढकललं तर झाकण उघडताना तोंडावर चिलटांचा ढग येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ओलं कधीच उघडं दिसता कामा नये. कचरा टाकला की वर दोन-तीन बोटं जाडीचा कोरडा थर घालायचा, कंटाळा करायचा नाही. अंदाज सांगायचा तर जितका ओला कचरा तितकाच कोरडा, आणि पावसात दीडपट. इथेच गोव्यातली माणसं अडकतात कारण जुलैमध्ये कोरडं आणणार कुठून, झाडाखालचा पातेरा भिजून लगदा झालेला असतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करायचा, कुस्करून गोणीत भरायचा आणि छपराखाली ठेवायचा. आंब्या-फणसाची पानं जाड असतात, न कुस्करता टाकली तर एकावर एक चिकटून बसतात आणि त्यांच्यातून हवाच जात नाही. नारळाची सोडणं सोलून काढलेला काथ्याचा भुसा उत्तम. सुताराकडचा भुसा चालतो पण प्लायवूड कापलेला नको, त्यात गोंद आणि केमिकल असतं. गिरणीतून भाताचा तूस आणला तर बरं, मात्र कोंडा आणू नका, कोंडा म्हणजे उंदरांना आमंत्रण.

मग ओलावा. हातात मूठभर घेऊन पिळायचं, एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर कोरडं घालून वरखाली करायचं, काहीच आलं नाही आणि मुंग्या फिरताना दिसल्या तर पाणी शिंपडायचं. वासावरूनही कळतं. डोळ्यांत झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कोरडं कमी पडलंय, आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर आत हवा पोचत नाहीये. चांगल्या ड्रमला पावसातल्या मातीचा वास येतो. कल्चर पावडर विकत घेऊ नका, मी ठामपणे सांगते, आधीच्या खताची दोन मुठी किंवा आंबट ताक पुरतं, आणि कोरड्याचा थर नसेल तर कसलीही पावडर माशा थांबवत नाही.

अळ्या दिसल्या तरी लगेच ड्रम फेकू नका. पांढऱ्या, मऊ, एका टोकाला निमुळत्या असतील तर त्या घरमाशीच्या, वरचा थर कमी पडलाय एवढाच अर्थ. चपट्या, करड्या-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या आणि कडक असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या, त्या कचरा झपाट्याने खातात, त्या असल्या की घरमाशीचं फारसं फावत नाही, आणि त्यांची मोठी माशी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. आमच्याकडे हीच दुसरी जात निघाली आणि वरच्या वहिनींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘किडे’.

तिथून सुरू झालं. त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकांच्या स्कूटरची वायर उंदरांनी खाल्ली. झालं, वायर, किडे आणि माझा ड्रम यांची सांगड घालून चवथीच्या आधीची मीटिंग बोलावली. काका म्हणाले, ‘बाई, तुमच्या हौसेपायी बिल्डिंगीत उंदीर झाले, तो ड्रम उद्याच्या उद्या काढा.’ मी म्हटलं, काका, काढते, पण उंदीर ड्रमला येतात हे एकदा दाखवा तरी. कोणी दाखवायला येईना. मग मीच शोधायचं ठरवलं.

शोधायची रीत साधी आहे, तुम्हीही करू शकता. रात्री ड्रमभोवती, भिंतीच्या कडेने आणि जिन्याखाली पिठाचा पातळ थर पसरायचा, पत्रावळीएवढे तुकडे तुकडे, आणि पहाटे कोणी झाडायच्या आत टॉर्च आडवा धरून बघायचं. ड्रमभोवतीचं पीठ जसंच्या तसं. भिंतीच्या कडेला मात्र पावलं स्पष्ट उमटलेली, मधे शेपटीची रेघ. उंदीर मोकळ्यावरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो, त्यामुळे जुन्या वाटेवर काळा तेलकट पट्टा पडतो, तोही तिथे होता. तो पट्टा धरत गेले तर थेट जिन्याखाली, काकांच्या माडांच्या भाटातून आलेल्या नारळांच्या ढिगाशी! ढीग हलवला तर कितीतरी नारळांना देठाच्या बाजूला कुरतडलेलं गोल भोक, आतलं खोबरं फस्त, आणि खाली लेंड्या. शिवाय काका रोज सकाळी कावळ्या-पारव्यांना भात घालत, तो संध्याकाळपर्यंत कठड्याखाली पडलेला असे. मी सगळ्याचे फोटो काढले आणि त्याच ग्रुपवर टाकले. उत्तर नाही आलं. नारळ हलले, ड्रम राहिला. मीटिंगच्या वहीत मात्र अजून ‘ड्रममुळे उंदीर’ असंच लिहिलंय, ते कोणी खोडलेलं नाही, आणि मला ते अजून सलतं.

पण माझ्या ड्रमला उंदीर का लागला नाही हेही सांगायला हवं, ते काही नशीब नव्हे. गुळगुळीत फुगीर प्लास्टिकवर उंदराचा दात बसत नाही, त्याला कड लागते. हवेसाठी पाडलेल्या भोकाची कड त्याला पुरते, तिथून कुरतडत तो ड्रम फाडतो. म्हणून सगळ्या भोकांवर बाहेरून पाव इंची वेल्डेड जाळी तारेने घट्ट आवळायची, तळालाही, आणि तिच्या आत मच्छरदाणीची स्टीलची जाळी. नायलॉनची जाळी उंदीर सहज कापतो. अर्ध्या इंचाची जाळी घेऊ नका, लहान पिल्लू तिच्यातून आरामात जातं. झाकणावर आडवी पट्टी किंवा वजन हवं. ड्रम विटांवर उचलून भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, म्हणजे भिंतीच्या कडेने जाणाऱ्याला आडोसा मिळत नाही. तळाशी निचऱ्याचं पाणी साठायला ताट ठेवा आणि ते रोज ओता, नाहीतर त्यात डास होतील. तळ नसलेला डबा थेट मातीवर ठेवायचा विचार असेल तर सोडा, घूस खालून बीळ करून वर येते.

आत काय घालता त्यावरही आहेच. शिजलेला भात, माशाचं हुमण, तेलकट उरलंसुरलं मी घालत नाही. नुस्तं म्हणजे मासे बाजारातच साफ करून घ्या, बांगड्याची डोकी घरी आणूच नका. ज्यांना अंगण आहे त्यांनी माशाचा कचरा माडाच्या मुळाशी हातभर खोल पुरावा, वर दगड ठेवावा. फ्लॅटच्या ड्रममध्ये कोलंबीची सालं घातली तर त्या वासाने मांजरापासून घुशीपर्यंत सगळे येतील, मग माझ्याकडे तक्रार करू नका.

झुरळांचं उत्तर मला तुमच्या मनासारखं देता येणार नाही. त्यांना खाण्याइतकाच अंधार आणि फटी हव्या असतात, त्यामुळे ड्रमखाली पुठ्ठे, जुने पेपर, गोण्या साठवल्या की तिथेच वस्ती होते. आठवड्यातून एकदा फावड्याने तळापर्यंत वरखाली केलं की त्यांना थारा मिळत नाही. गटाराचं चेंबर जवळ असेल तर ते आधी नीट बंद करा, मोठी तपकिरी झुरळं तिथूनच येतात. ड्रममध्ये एखाददुसरं दिसलं तर चालायचंच, घरात शिरू नये एवढं बघायचं, म्हणून ड्रम किचनच्या बाल्कनीत ठेवू नका असं माझं मत. दुसरी जागाच नसेल तर मात्र ड्रमऐवजी छोटी झाकणाची बादली घ्या आणि कचरा बारीक चिरून टाका.

एक राहिलं. घरगुती ड्रम मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतील या भरवशावर कुत्र्या-मांजराची शी त्यात टाकू नका. पावसाळ्यात ग्लोव्ह्ज घालूनच हात घाला, उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप होतो आणि आपल्याकडे तो काही दुर्मिळ नाही. उंदीर दिसले तरी विष ठेवू नका, तो डक्टमध्ये जाऊन मरतो आणि मग आठवडाभर सगळ्या बिल्डिंगीला वास, त्याचाही आळ तुमच्याच ड्रमवर येणार. आणि सोसायटीने मीटिंगला बोलावलंच तर आधी पीठ पसरा, फोटो काढा, आणि लेंड्या नेमक्या कुठे मिळाल्या हे सगळ्यांसमोर विचारून वहीत लिहून घ्या, त्याशिवाय सही करू नका.