अमाइड करायचं तर ॲसिडला आधी ॲक्टिव्हेट का करावं लागतं

प्रश्न: बेन्झॉइक ॲसिड आणि बेन्झिलअमाइन टोल्युईनमध्ये रिफ्लक्स केलं, पांढरं सॉलिड मिळालं, पण सर म्हणतात हे अमाइड नाहीच. फक्त पाणीच तर काढायचंय, मग तापवून का होत नाही? आणि एवढी सगळी रिएजंट्स आहेत त्यातलं नेमकं कुठलं घ्यायचं?

सरांचं बरोबर आहे, ते पांढरं सॉलिड बहुतेक सॉल्ट आहे, बेन्झिलअमोनियम बेन्झोएट. दोन मिनिटांत खात्री करून घेता येईल. चिमूटभर सॉलिड थोड्या कोमट पाण्यात टाका. विरघळलं तर त्यात डायल्यूट एचसीएलचे चार थेंब घाला, पांढरा साका खाली बसेल, तो गाळून वाळवून मेल्टिंग पॉइंट घ्या. १२२ च्या आसपास आला की समजा तुमचं बेन्झॉइक ॲसिड जसंच्या तसं परत मिळालं. खरं अमाइड म्हणजे एन-बेन्झिलबेन्झामाइड, ते पाण्यात विरघळत नाही आणि साधारण १०५ डिग्रीला वितळतं. एनएमआर काढणार असाल तर सीएच२ कडे बघा, क्लोरोफॉर्ममध्ये अमाइडचा तो ४.६ च्या आसपास डब्लेट येतो कारण शेजारी एनएच आहे, आणि सॉल्टमध्ये तोच ४ च्या आसपास साधा सिंगलेट दिसतो.

आता कारण. ॲसिड आणि अमाइन एकत्र आले की सगळ्यात आधी जी रिॲक्शन होते ती प्रोटॉनची देवाणघेवाण, आणि ती इतकी फास्ट असते की बाकी कशाला संधीच मिळत नाही. बेन्झॉइक ॲसिडचा पीकेए ४.२, बेन्झिलअमोनियमचा ९.३, म्हणजे पाच युनिटचा फरक, पाण्यातल्या या आकड्यांवरून बघितलं तर समतोल लाखपट सॉल्टकडे झुकलेला. आणि सॉल्ट झालं की दोन्ही पार्टी कामातून गेल्या. अमाइनची जी लोन पेअर कार्बोनिलवर हल्ला करणार होती ती प्रोटॉनने अडवून ठेवली, अमोनियम न्यूक्लिओफाइल नाही. दुसरीकडे कार्बोक्सिलेटवर निगेटिव्ह चार्ज आहे, तो दोन्ही ऑक्सिजनवर पसरलेला, त्यामुळे तो कार्बन इलेक्ट्रॉन घ्यायला अजिबात उत्सुक नसतो.

बरं समजा थोडं फ्री ॲसिड आणि फ्री अमाइन शिल्लक राहिलं आणि हल्ला झालाच, तरी टेट्राहेड्रल इंटरमिजिएटमधून बाहेर कोण पडणार हा प्रश्न उरतो. हायड्रॉक्साइड हा फार वाईट लिव्हिंग ग्रुप आहे, त्यापेक्षा अमाइनच सोप्याने बाहेर पडतं आणि गाडी परत मागे जाते. त्यामुळे "पाणीच तर काढायचंय" हे कागदावर बरोबर असलं तरी ते पाणी काढायला कोणी तयार नसतं.

तापवून कधीच होत नाही असं मात्र नाही. सॉल्ट १८० डिग्रीच्या वर नेलं की थोडं थोडं फ्री ॲसिड आणि अमाइन तयार होत राहतं, पाणी उडून जातं आणि अमाइड बनतं. नायलॉन ६,६ असंच बनतं, ॲडिपिक ॲसिड आणि हेक्सामिथिलीनडायअमाइनचं सॉल्ट तिथे मुद्दाम आधी तयार करतात, कारण त्यामुळे दोघांचं प्रमाण एकास एक अगदी काटेकोर मिळतं, आणि मग ते २७० डिग्रीच्या आसपास तापवतात. पण टोल्युईन ११० ला उकळतं, तिथे तुमचं सॉल्ट बऱ्यापैकी आरामात बसून राहतं. आणि रेणूत बॉकसारखा नाजूक प्रोटेक्टिंग ग्रुप असेल, कायरल सेंटर असेल, तर १८० डिग्री हा पर्यायच उरत नाही.

म्हणून सगळ्या कपलिंग पद्धतींचं काम एकच, ॲसिडच्या ओएचला अशा गोष्टीत बदलायचं जी सहज निघून जाते. फरक फक्त तो बदल कशाने करता आणि बायप्रॉडक्ट काय उरतं याचा.

सगळ्यात जुना आणि स्वस्त मार्ग ॲसिड क्लोराइडचा. थायोनिल क्लोराइड जास्त घेऊन ॲसिड रिफ्लक्स करायचं, एचसीएल आणि सल्फर डायऑक्साइड गॅस बनून निघून जातात (फ्यूम हूड हवंच, आणि गॅस कॉस्टिकच्या ट्रॅपमधून सोडा), उरलेलं थायोनिल क्लोराइड रोटाव्हेपरवर उडवायचं. ऑक्सॅलिल क्लोराइड आणि डीएमएफचा एक थेंब घेतला तर रूम टेंपरेचरलाच होतं. झालं की नाही हे बघायला एक थेंब ड्राय मिथेनॉलमध्ये टाका आणि टीएलसी लावा, ॲसिडचा स्पॉट जाऊन वर मिथाइल एस्टरचा स्पॉट आला म्हणजे ॲसिड क्लोराइड तयार आहे. यात लोक नेहमी एक गोष्ट विसरतात, अमाइडबरोबर एचसीएलही निघतं आणि ते उरलेल्या अमाइनला पकडतं, मग अर्ध्यावर रिॲक्शन थांबते आणि यील्ड ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून ट्रायइथिलअमाइन घाला, किंवा अमाइन स्वस्त असेल तर तेच दोन इक्विव्हॅलंट घ्या. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये ॲनिलिन, बेन्झॉइल क्लोराइड आणि कॉस्टिक सोडा बाटलीत हलवून बेन्झॅनिलाइड केलं असेल, तिथे कॉस्टिक हेच काम करत असतो, शॉटेन-बाउमन रिॲक्शन म्हणतात तिला.

तुमच्या बेन्झॉइक ॲसिडसाठी हा मार्ग उत्तम आहे. पण रेणूत ॲसिडला न टिकणारा ग्रुप असेल, किंवा ॲसिडच्या शेजारच्या कार्बनवर कायरल सेंटर असेल तर तो सोडा आणि कार्बोडायइमाइडकडे या.

कार्बोडायइमाइडचा जन्म तसा १९५५ चा, शीहान आणि हेस यांनी डीसीसी हे कार्बोडायइमाइड पेप्टाइडसाठी वापरलं तेव्हाचा. ईडीसी हे त्याच कुटुंबातलं दुसरं रिएजंट. ॲसिड डीसीसीवर चढून ओ-ॲसिलआयसोयुरिया बनतो, अमाइन त्याच्यावर हल्ला करतं आणि युरिया निघून जातो. हा ओ-ॲसिलआयसोयुरिया फार चपळ असतो आणि तीच अडचण आहे. अमाइन वेळेवर आलं नाही तर ॲसिल ग्रुप ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर उडी मारतो आणि एन-ॲसिलयुरिया बनतो, तो पुढे काहीच करत नाही, तुमचं ॲसिड तिथेच अडकलं. एलसीएमएसमध्ये ॲसिडच्या मासमध्ये ईडीसी असेल तर १५५ आणि डीसीसी असेल तर २०६ मिळवून पीक दिसला तर समजायचं हाच प्रकार झालाय. यावर उपाय म्हणून १९७० मध्ये कोनिग आणि गायगर यांनी एचओबीटी म्हणजे हायड्रॉक्सीबेन्झोट्रायझोल हे ॲडिटिव्ह आणलं, ते ओ-ॲसिलआयसोयुरियाला पटकन पकडून ॲक्टिव्ह एस्टर बनवतं, हा एस्टर जरा शांत असतो, अमाइनची वाट बघू शकतो आणि रेसिमायझेशनही कमी होतं. एक लक्षात ठेवा, सुकं एचओबीटी स्फोटक आहे, म्हणून ते हायड्रेट म्हणून मिळतं, ते ओव्हनमध्ये सुकवायला जाऊ नका. आजकाल बरेच जण त्याऐवजी ऑक्झिमा नावाचं ॲडिटिव्ह वापरतात.

डीसीसी की ईडीसी हा प्रश्न असेल तर ईडीसी. डीसीसीचा युरिया गाळून काढला तरी थोडा थोडा कॉलममधून पुढे येतच राहतो, एनएमआरमध्ये १ ते २ च्या मध्ये त्याचे हंप दिसत राहतात. ईडीसीच्या युरियाला डायमिथिलअमिनो शेपूट आहे, डायल्यूट ॲसिडच्या वॉशमध्ये तो पाण्यात निघून जातो.

तुमचीच रिॲक्शन ईडीसीने करायची तर अशी. बेन्झॉइक ॲसिड १.२२ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल, एचओबीटी हायड्रेट १.८४ ग्रॅम, ट्रायइथिलअमाइन ३.५ मिली, हे सगळं ४० मिली डीसीएममध्ये (एचओबीटी नीट विरघळत नसेल तर थोडं डीएमएफ), बर्फात ठेवा. ईडीसी हायड्रोक्लोराइड २.३० ग्रॅम घाला, १०-१५ मिनिटं फिरवा, मग बेन्झिलअमाइन १.१ मिली हळू घाला, बर्फ काढा आणि रात्रभर राहू द्या. अमाइन हायड्रोक्लोराइड सॉल्ट म्हणून मिळालं असेल तर ट्रायइथिलअमाइन अजून एक इक्विव्हॅलंट वाढवा, नाहीतर न्यूक्लिओफाइलच नाही आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी.

वर्कअपमध्येच अर्धी प्युरिफिकेशन होते. आधी १ मोलर एचसीएलने दोनदा धुवा, उरलेलं अमाइन, ट्रायइथिलअमाइन आणि ईडीसीचा युरिया पाण्यात जातो. मग सॅच्युरेटेड बायकार्बोनेटने, हळू, कारण गॅस सुटतो, यात उरलेलं बेन्झॉइक ॲसिड आणि एचओबीटी जातं. मग ब्राइन, सोडियम सल्फेट, रोटाव्हेपर. थिऑरेटिकल यील्ड २.११ ग्रॅम, इथाइल ॲसिटेट-हेक्सेनमधून क्रिस्टल छान येतात. प्रॉडक्टमध्ये बेसिक नायट्रोजन असेल, पिरिडीन वगैरे, तर मात्र हा ॲसिड वॉश करू नका, प्रॉडक्टच ॲक्वियसमध्ये निघून जाईल.

अमाइन अडचणीचं असेल, म्हणजे हिंडर्ड किंवा इलेक्ट्रॉन-पूअर ॲनिलिन, तर ईडीसीला रात्रभर देऊनही अर्धं ॲसिड तसंच राहतं. तिथे हॅटू हे जास्त ताकदीचं कपलिंग रिएजंट घ्या, डीएमएफमध्ये डायआयसोप्रोपिलइथिलअमाइनबरोबर. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आधी ॲसिड, बेस आणि हॅटू पाच मिनिटं एकत्र फिरवा आणि मग अमाइन घाला. सगळं एकदम टाकलं तर हॅटू थेट अमाइनवर जाऊन त्याचं ग्वानिडीन करून टाकतो, मासमध्ये अमाइन अधिक ९८ दिसतं. म्हणूनच हॅटू ॲसिडपेक्षा जास्त घेऊ नका. तो महाग आहे, आणि काही लोकांना त्याची गंभीर ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ग्लोव्हज आणि हूडमध्येच तोलायचा.

रेसिमायझेशनबद्दल थोडं अजून. अमिनो ॲसिडच्या नायट्रोजनवर बॉक किंवा सीबीझेड असेल तर फार घाबरायचं कारण नाही, पण त्या नायट्रोजनवर ॲसिल असेल, म्हणजे दुसरं अमिनो ॲसिड जोडलेलं असेल, तर ॲक्टिव्हेट झालेलं ॲसिड स्वतःच्याच अमाइडच्या ऑक्सिजनने बंद होऊन ऑक्झाझोलोन बनतो आणि त्याचा अल्फा प्रोटॉन बेस सहज उचलतो. म्हणून पेप्टाइड एन टोकाकडून नाही तर सी टोकाकडून वाढवतात. झालंय का हे एचपीएलसीमध्ये कळतं, दुसरं कायरल सेंटर रेणूत असेल तर मुख्य पीकच्या शेजारी तेवढ्याच मासचा छोटा पीक येतो, तो डायस्टेरिओमर.

मोठ्या स्केलवर जायचं असेल तर सीडीआय म्हणजे कार्बोनिलडायइमिडाझोल बघा, ॲसिडमध्ये घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, बुडबुडे थांबले की ॲसिल इमिडाझोल तयार, अमाइन घालायचं, आणि मागे फक्त इमिडाझोल उरतं जे ॲसिड वॉशने जातं. तुमच्या बेन्झॉइक ॲसिडला मात्र प्रॅक्टिकलसाठी थायोनिल क्लोराइड पुरेसं आहे, ईडीसी खर्च करायची गरज नाही. ते सॉल्टही फेकू नका, पाण्यात विरघळवून एचसीएल घातलं की ॲसिड गाळून घ्या, आणि उरलेल्या पाण्यात कॉस्टिक घालून इथाइल ॲसिटेटने काढलं की बेन्झिलअमाइनही परत मिळतं.