साइन की टॅन? त्या तीन मार्कांची गोष्ट

प्रश्न: नदी ४०० मीटर रुंद, प्रवाह ताशी ३ किमी, होडीचा वेग ताशी ५ किमी. बरोबर समोर उतरायचंय. कोन काढताना साइन घ्यायचा की टॅन? दोन्हीकडून वेगळं उत्तर येतंय.

साइन. नाकासमोरच्या रेषेपासून सुमारे ३७ अंश, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. टॅनवर माझा जुना राग आहे, त्याने अकरावीत माझे तीन मार्क खाल्ले.

सरांनी फळ्यावर ३१ अंश काढले होते. माझे ३७ आले आणि त्यावर लाल रेघ. घरी दादाला दाखवलं, तर तो सरांच्याच बाजूचा. म्हणे, "सरळ गेलास तर ४.८ मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी तुला २४० मीटर खाली नेतं. मग २४० मीटर वर नेम धर, झालं!" ऐकायला इतकं पटतं की मी गप्प बसलो. दोनशे चाळीस भागिले चारशे म्हणजे ०.६, आणि तोच ३१ अंशांचा टॅन.

गोम अशी, की तोंड वर वळवलं की होडीचा थोडा वेग प्रवाहाशी झगडण्यात जातो आणि पलीकडे जायला कमी उरतो. ३१ अंशांवर नदी पार व्हायला ४.८ नाही, ५.६ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाणी २८० मीटर ओढतं. तुम्ही नेम धरलात २४० चा, म्हणजे उतरलात ४० मीटर खाली. ३७ अंशांवर मात्र पलीकडे जायचा वेग ताशी ४ किमी, वेळ ६ मिनिटं, ओढ ३०० मीटर, आणि नेमही बरोबर ३०० मीटर वरचा. हिशेब जुळला.

त्रिकोणात बघायचं तर ५ हा कर्ण आहे, कारण होडी पाण्यातून तेवढ्याच वेगाने जाते, तोंड कुठेही असो. सरांनी ५ ला बाजू केलं. मग कर्ण ५.८ येतो, म्हणजे होडीने स्वतःच्या वेगापेक्षा जोरात पळायचं! हे मी तेव्हा बोलायला हवं होतं.

हां, प्रवाह ताशी ५ किंवा त्याहून जास्त असेल तर कुठल्याच कोनाने समोर पोचता येत नाही. खऱ्या नदीत काठाशी पाणी संथ असतं, त्यामुळे एकच कोन धरून गेलात तर थोडं इकडेतिकडे होणारच. आणि कोन धरायचा म्हणजे दिशा कायम ठेवायची. वरच्या एखाद्या झाडाकडे तोंड रोखून वल्हवत राहिलात तर कोन दर क्षणी बदलतो. नुसतं लवकर पोचायचं असेल तर सरळच जा, कुठे का लागेना.

दादा परवा म्हणाला, "चाळीस मीटरने काय बिघडतं?" काही नाही, चिखलातून चालत ये.