संमतिपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न: वकीलसाहेब, मी खानापूरचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्री कंपनीचे दोन लाखांचे डिबेंचर माझ्या नावावर आहेत. वर्षभर व्याज आलेलं नाही. आता कंपनी म्हणते, त्याऐवजी शेअर घ्या, संमतिपत्रावर सही करा, तुम्ही मालक व्हाल. सही करू का?

उत्तर: नको, निदान आत्ता तरी नको. आज तुम्ही कंपनीचे सावकार आहात. नफा होवो वा तोटा, ठरलेलं व्याज आणि मुदतीला मुद्दल देणं कंपनीवर बंधनकारक आहे. भागधारकाला लाभांश मिळतो तो नफा असेल आणि कंपनीने जाहीर केला तरच, आणि शेअरचे पैसे परत मागण्याची मुदतच नसते.

खरा फरक कंपनी बुडाली की कळतो. समजा कंपनी दिवाळखोरीत गेली आणि विक्रीतून 6 कोटी आले. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 प्रमाणे प्रक्रियेचा खर्च आधी वजा होतो. तो 50 लाख धरू. पुढच्या पायरीवर कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी आणि सुरक्षित सावकार, म्हणजे ज्यांच्या कर्जाला कंपनीच्या मालमत्तेचं तारण आहे आणि ज्यांनी ते सामाईक विक्रीत सोडलं आहे ते, एकत्र बसतात. तुमचे डिबेंचर सुरक्षित धरले तर कामगारांचे 1 कोटी, बँकेचे 4 कोटी, तुमच्यासारख्या डिबेंचरधारकांचे दीड कोटी, म्हणजे साडेसहा कोटींच्या देण्यापोटी साडेपाच कोटी. तुमच्या दोन लाखांपैकी सुमारे 1 लाख 69 हजार हातात येतात.

डिबेंचर असुरक्षित असतील तर कामगार आणि बँकेचे 5 कोटी जाऊन 50 लाख उरतात. इतर कर्मचाऱ्यांच्या पगाराचे 20 लाख गेले, तर दीड कोटींसाठी 30 लाखच, म्हणजे तुम्हाला 40 हजार. शेअर घेतले असते तर दोन्ही वेळा शून्य. सरकारी देणी, उरलेली सगळी कर्जं, मग प्रेफरन्स शेअर, आणि अगदी शेवटी इक्विटी म्हणजे साधे शेअर. तो 'मालक' शब्द म्हणजे रांगेचं शेवटचं टोक, हे मला तुम्हाला निक्षून सांगायचंय.

म्हणून आज एक काम करा. सर्टिफिकेटवर 'सुरक्षित' छापलंय म्हणून विसंबू नका. शेतीच्या उताऱ्यावर बोजा चढतो तसा कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि नोंद नसलेला बोजा लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी वाटणारा अधिकारी, मानत नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे MCA च्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून त्या नोंदी पाहा आणि त्यात डिबेंचर ट्रस्टीचं नाव आहे का ते शोधा. ट्रस्टी नेमलेला असेल तर त्याला आजच लेखी कळवा, सर्वांच्या वतीने दावा करणं त्याचं काम आहे.

डिबेंचरच्या अटीही वाचा. ठरावीक बहुमताने अटी बदलता येतील असं कलम त्यात असू शकतं. तसं असेल तर सभेच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, जाऊन विरोधात मत द्या.

कंपनीला स्पीड पोस्टाने थकलेल्या व्याजाची मागणी पाठवा. उत्तर आलं नाही तर कंपनी कायद्याच्या कलम 71(10) खाली बेंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, एकट्यालाही अर्ज करता येतो. व्याज थकल्यापासून तीन वर्षांची मुदत मोजली जाते, तेव्हा पहिला हप्ता कधी चुकला ती तारीख पासबुकातून आजच काढून ठेवा.