रात्री चार वेळा लघवी: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तीन दिवस मोजून बघा

प्रश्न: "बाबा ७४ वर्षांचे, ऐरोलीला असतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात. प्रोस्टेटची गोळी सात महिने चालू आहे, रात्रीचा फरक शून्य. आता ऑपरेशन करून टाकावं का?"

ठाण्यात नौपाड्याला मी बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. तुमचे बाबा मी तपासलेले नाहीत, त्यामुळे ऑपरेशन हवं की नको हे मी सांगणार नाही. पण हा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट कळायलाच हवी: रात्री प्रत्येक वेळी लघवी किती होते? तुमच्या प्रश्नात ते नाही. बहुतेक वेळा डॉक्टरांच्या केसपेपरवरही ते नसतं, कारण कोणी मोजलेलंच नसतं.

आमच्याकडचे एक काका, वय ७२, वजन ६२ किलो. त्यांचीही हीच तक्रार, हीच गोळी. मी काकूंना मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणि एक शाळेची वही घ्यायला सांगितलं. तीन दिवस-रात्र प्रत्येक लघवी मगमध्ये करायची, वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. शेजारी आणखी एक रकाना: जाग कशाने आली, लघवी लागली म्हणून, की आधीच जागे होतात म्हणून गेलात? काकूंनी बाथरूमच्या दाराच्या खिळ्याला पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली. रात्री अडीच वाजता पेन्सिल शोधावी लागली तर नोंद होत नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

त्यातला एक दिवस असा होता. दिवसभरात सहा वेळा, प्रत्येक वेळी १३० ते २००, एकूण ९७०. रात्री साडेबाराला २८०, सव्वादोनला ३००, चारला २६० आणि सकाळी सहाला उठल्यावर २४०. इथे हिशोबात हमखास चूक होते. झोपायला जाताना केलेली लघवी दिवसाच्या खात्यात जाते, आणि सकाळी उठल्याबरोबरची रात्रीच्या, कारण ती झोपेतच तयार झालेली असते. म्हणजे काकांची रात्रीची बेरीज १०८०. चोवीस तासांच्या २०५० पैकी निम्म्याहून जास्त. पासष्टीनंतर हा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे असं आम्ही धरतो.

आता आकडे पुन्हा बघा. रात्री एका वेळी ३०० मिलिलिटर व्यवस्थित धरणारी पिशवी लहान झालेली नाही. ती भरते म्हणून उठवते. प्रोस्टेटची गोळी लघवीची वाट मोकळी करते, मूत्रपिंडाला लघवी कमी करायला सांगत नाही. म्हणून रात्रीचा फरक शून्य. ऑपरेशननेही धार सुधारली असती, पण रात्रीचं १०८० तेवढंच राहिलं असतं.

दुखणं खरोखर पिशवीचं किंवा प्रोस्टेटचं असतं, तेव्हा वही वेगळी दिसते. रात्रीही ७०, ९०, १०० असे छोटे आकडे, एकदम जोराची लागलेली, दिवसाही तासा-दीड तासाने जाणं, आणि रात्रीची बेरीज मात्र बेताची. तिथे सोनोग्राफीत लघवी झाल्यावर मागे किती उरते ते बघावं लागतं, आणि यूरोलॉजिस्टचा सल्ला तिथेच कामाचा.

काकांच्या बाबतीत पुढचा प्रश्न होता, एवढं पाणी येतं कुठून? मी पायजमा वर करायला सांगितला. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटला होता. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून काढला, तर खड्डा तसाच राहिला. दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसल्यावर पाणी पायात उतरतं. रात्री आडवं झालं की तेच रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. शिवाय तरुणपणी रात्री लघवी आटोक्यात ठेवणारा हार्मोन झोपेत वाढतो. वयाबरोबर ती वाढ मंदावते. त्यातच काही महिन्यांपूर्वी काकांची बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० झाली होती, आणि या गोळीने पाय सुजतात.

हृदय, मूत्रपिंड आणि साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग बीपीची गोळी बदलली (ही गोळी घरच्या घरी बंद करू नका, कृपया). चार ते साडेपाच पलंगावर उशांवर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं, म्हणजे पायातलं पाणी झोपेच्या आधीच निघून जातं. तलावपाळीची फेरी त्यानंतर. रात्री नऊचा चहा बंद, जेवणातलं पापड-लोणचं बंद. दिवसाचं पाणी कमी केलं नाही. आपल्याकडच्या उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला तहानलेलं ठेवणं मला मान्य नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा वही: रात्री पावणेतीनला २६०, सकाळी सहाला २७०, म्हणजे १९०० पैकी ५३०. एकदा उठणं राहिलं, पण तीन वेळांचं एकदा झालं.

जाग कशाने आली, हा रकाना मी मुद्दाम ठेवते. गुडघा दुखला, खोकला आला, झोपच उथळ आहे म्हणून माणूस जागा होतो, आणि जागाच आहे तर जाऊन येतो. सकाळी सांगतो मात्र "लघवीने झोपू दिलं नाही." अशा वेळी आकडे कसेही पडतात, कधी ६०, कधी २००, आणि रात्रीचा वाटा वाढलेला नसतो. तिथे उपाय झोपेचा आणि दुखण्याचा करायचा.

एक जागा मात्र फसवी आहे. बाबा जोरात घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबून एकदम हुंदका दिल्यासारखा परत सुरू होतो का, हे आईंना विचारा. स्लीप अ‍ॅप्नियात हृदयावर ताण येऊन असा हार्मोन सुटतो की मूत्रपिंड जास्त लघवी बनवतं. वहीत ते काकांसारखंच मोठ्या आकड्यांचं दिसतं, मूळ मात्र झोपेत असतं. पाय सुजलेले नसतील आणि आकडे मोठे असतील, तर मी आधी हेच विचारते.

चोवीस तासांची बेरीजच वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिलिटरच्या वर गेली, तर प्रश्न फक्त रात्रीचा नाही. साखर तपासा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती किती वाजता घेतात ते बघा आणि वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन कोणी सुचवली, तर ती परस्पर मेडिकलमधून आणू नका. ज्येष्ठांमध्ये तिने रक्तातलं सोडियम धोकादायक उतरू शकतं. सुरू करण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासावंच लागतं.

लघवीत रक्त, लघवी अजिबात न होणं किंवा आडवं पडल्यावर धाप लागणं, यातलं काही असेल तर वही-बिही बाजूला ठेवून आजच दाखवा. पुष्कळ जणांत दोन कारणं एकत्र सापडतात: प्रोस्टेटही वाढलेलं आणि पायही सुजलेले. म्हणून वही भरली की यूरोलॉजिस्टना ती दाखवून सरळ विचारा, "ऑपरेशनने यातले कोणते आकडे बदलतील?"