चौदा लिटरची म्हैस आणि बारा महिन्यांचे सोनेतारण

प्रश्न : मी कराड तालुक्यात राहतो. कंपनीत नोकरी आहे, पगार २४ हजार. एक व्यापारी हरियाणाहून आणलेली मुऱ्हा म्हैस दाखवतो आहे. दुसरे वेत, व्याल्याला महिना झाला, दिवसाला १४ लिटर दूध. लिटरला दहा हजार या हिशोबाने १ लाख ४० हजार सांगतो, १ लाख ३० हजारांपर्यंत येईल. डेअरीचा दर ५२ रुपये. खुराकाला रोजचे २०० रुपये धरले तरी वर्षाला १ लाख ९० हजार उरतात, म्हणजे म्हैस नऊ महिन्यांत फिटते. दहा गुंठे नेपियर घरचे आहे, कडबा विकत घ्यावा लागेल. घरचे सगळे धारेला तयार आहेत. पत्नीच्या दागिन्यांवर १ लाख ४० हजारांचे एक वर्षाचे सोनेतारण कर्ज घेणार आहे, व्याज दहा टक्के, सगळे पैसे शेवटी एकदम. ५० हजारांची ठेव आहे, ती मोडायची नाही. दुधाच्या पैशातून भरता येईल म्हणून मुलीच्या नावाने महिना साडेतीन हजारांची वीस वर्षांची विमा पॉलिसीही घेतली आहे, पहिला हप्ता गेल्या आठवड्यात भरला. म्हशीची किंमत योग्य आहे का?

उत्तर : किमतीचे सांगतो, पण त्याआधी कर्जाचे सांगणे भाग आहे, कारण म्हैस चांगली निघाली तरीही तुमचे दागिने धोक्यात येणार आहेत.

म्हैस वर्षाचे ३६५ दिवस दूध देत नाही आणि जितके दिवस देते तितके दिवस चौदा लिटर देत नाही. व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत दूध सर्वांत वर जाते आणि तिथून ते उतरत जाते. साधारण तीनशे दिवसांच्या वेतात एकूण दूध किती होईल याचा जवळचा अंदाज म्हणजे सर्वांत वरच्या दिवसाचे दूध गुणिले दोनशे. त्यानंतर ती आटते. म्हशीत दोन वेतांमधले अंतर सहसा चौदा ते सोळा महिन्यांचे असते आणि उन्हाळ्यात माज मुका राहिला, कोणाच्या लक्षात आला नाही, तर ते आणखी लांबते. म्हणून म्हशीचा हिशोब वर्षाचा न मांडता पंधरा महिन्यांचा मांडावा लागतो, ज्यात दहा महिने दुधाचे आणि पाच भाकड.

आता तुमचे कर्ज त्यावर ठेवून पाहा. आज घेतलेले पैसे बाराव्या महिन्यात व्याजासह १ लाख ५४ हजार होऊन परत मागितले जातील आणि त्या वेळी तुमची म्हैस दोन-तीन महिन्यांपासून आटलेली असेल. तोवर हातात काय आलेले असेल? समजा ती प्रत्यक्षात बारा लिटरची निघाली. दोन हजार चारशे लिटर दूध, ५२ रुपये दराने सव्वा लाख. या काळात सरासरी आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला अंगासाठी दोन किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असे सहा किलो पशुखाद्य रोज लागते. किलोला ३२ रुपये धरले तर १९० रुपये तिथेच गेले. सहा किलो कडबा पन्नास रुपयांचा. म्हणजे हिरवा चारा घरचा असूनही रोजचे २४० रुपये, तीनशे दिवसांचे ७२ हजार. डॉक्टर, रेतन आणि म्हशीचा विमा यांना सहा हजार. उरले ४७ हजार. त्यातले ४२ हजार तुम्ही पॉलिसीला देऊन बसणार आहात आणि उरलेल्या पाच हजारांतून दीड लाखाचे सोने सोडवायचे आहे.

व्यापाऱ्याचे चौदा लिटर शंभर टक्के खरे मानले तरी या रकमेत पंधरा हजारांची भर पडते, त्याने मूळ अडचण सुटत नाही. व्याज भरून कर्ज नवे करून देतात, पण ते व्याजही भाकड महिन्यांत पगारातूनच जाईल, आणि तेही जमले नाही तर दागिन्यांचा लिलाव होतो. एका जनावराच्या दुधावर एकरकमी फेडीचे कर्ज घेऊ नये.

पॉलिसीबद्दल मला राग आहे आणि तो तुमच्यावर नाही. ज्याने अजून गोठ्यात न आलेल्या म्हशीच्या दुधावर वीस वर्षांचा हप्ता बांधून दिला, त्याने ती कधी आटते एवढे विचारायला हवे होते. अशा पॉलिसीचा हप्ता पहिल्या दोन-तीन वर्षांत थांबला, तर भरलेल्या पैशांचा मोठा भाग बुडतो, आणि तुमचा हप्ता पहिल्याच भाकड काळात थांबण्याची दाट शक्यता आहे. सुदैवाने विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते आणि किरकोळ कपात वगळता पैसे मिळतात. एजंटला फोन करत बसू नका, कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मुलीसाठी विमा हवाच असेल, तर तो तिच्या नव्हे, कमावत्या माणसाच्या म्हणजे तुमच्या जिवाचा आणि साधा मुदतीचा घ्या.

आता किंमत. ‘लिटरला दहा हजार’ हे सूत्र सोयीचे आहे, पण ते मुळात चुकीचे आहे, कारण त्यात पहिल्या लिटरला आणि चौदाव्या लिटरला एकच भाव लागतो. अंगासाठीचे दोन किलो खाद्य आणि कडबा यांचे रोजचे ११४ रुपये म्हैस दुधात असो वा भाकड, पंधरा महिने द्यावेच लागतात. हे झाले पन्नास हजार आणि वरखर्चाचे सहा हजार. दुसऱ्या बाजूला, सर्वांत वरच्या दुधातले एक लिटर म्हणजे वेताला दोनशे लिटर, साधारण १० हजार ४०० रुपये, आणि त्यासाठीचे वाढीव खाद्य ३ हजार २०० चे. म्हणजे एका लिटरमागे वेताला सात हजार सुटतात. छप्पन हजारांना सातने भागले की कळते, की पहिले आठ लिटर म्हशीच्या स्वतःच्या पोटाला जातात आणि तुमचा पैसा आठच्या पुढे सुरू होतो. बारा लिटरची म्हैस वेताला सुमारे ३० हजार देते, चौदाची ४५ हजार, दहाची जेमतेम १५. दूध एक सप्तमांशाने कमी निघाले, तर मिळकत एक तृतीयांशाने जाते. दोन लिटरचे खोटे इतके महाग पडते.

या म्हशीची दुसऱ्यासह तीन चांगली वेते तुमच्याकडे होतील आणि शेवटी ती ४० हजारांना विकली जाईल असे धरू. (संकरित गाय स्वस्त मिळते म्हणून तिच्याकडे वळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर महाराष्ट्रात म्हाताऱ्या गाईला ही शेवटची किंमत जवळजवळ उरलेली नाही.) मग बारा लिटरच्या म्हशीतून पावणेचार वर्षांत एकूण १ लाख ३० हजार निघतात. तेवढ्यालाच ती घेतली, तर घरच्यांनी दोन्ही वेळच्या धारा, शेण, वैरण हे सगळे फुकट केले आणि व्याज खिशातून गेले. माझ्या मते खऱ्या बारा लिटरला ९५ हजारांच्या वर आणि खऱ्या चौदाला १ लाख २० हजारांच्या वर जाऊ नका. दहा किंवा त्याखाली निघाली, तर भाव न करताच परत या. पारडी असेल तर पाच हजार जास्त द्यायला हरकत नाही.

मुऱ्हा या नावाला वेगळे पैसे देऊ नका. जातिवंत मुऱ्ह्याची शिंगे आखूड आणि घट्ट वळलेली असतात. शिंगे मोकळी, लांबट असतील तर ती मिश्र आहे. मिश्र म्हैस वाईट असते असे नाही, पण भाव शुद्ध जातीचा मागितला जातो. आणि शुद्ध असली तरी हजार-दीड हजार किलोमीटर ट्रकमधून आलेले, चारा-पाणी बदललेले जनावर तिकडचे दूध इकडे त्याच वेतात देईलच असे नाही. म्हणून हरियाणातल्या दुधाचा व्हिडिओ पाहू नका, तुमच्यासमोर निघालेले दूध मोजा.

ते मोजायची रीत अशी. संध्याकाळी जा आणि तुमच्या डोळ्यांसमोर कास पूर्ण रिकामी करून घ्या. हे दूध हिशोबात धरायचे नाही, कारण आदल्या वेळची धार न काढता कास तुंबवून ठेवणे ही बाजारातली जुनी युक्ती आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, त्याच वेळेला, स्वतःच्या बादलीत आणि स्वतःच्या काट्यावर दूध तोला. मापाने मोजू नका, फेसात अर्धा-पाऊण लिटर सहज लपते. या दोन धारांची बेरीज म्हणजे तिचे दूध, आणि शक्य असेल तर एक दिवस सोडून पुन्हा तोला. धारेआधी इंजेक्शन दिले, तर व्यवहार तिथेच थांबवा. सुरुवातीला प्रत्येक सडाच्या पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळी, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा दिसली, तर कासेला आजार आहे. दुधाचा नमुना डेअरीत नेऊन फॅट लावून पाहा, कारण ५२ चा दर एका ठरावीक फॅटला असतो. रेडकू तिचेच आहे का, ती त्याला चाटते, जवळ घेते का, तेही पाहा. आटत आलेल्या म्हशीजवळ दुसरीचे लहान रेडकू बांधून ‘ताजी व्यालेली’ म्हणून विकतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर तुमच्या पशुवैद्यकाला द्या, नोंदी असतील तर त्यांना दिसतील, आणि वय त्यांच्याकडूनच दातांवरून ठरवून घ्या.

एवढे करून म्हैस कसोटीला उतरली, तर पैसे असे उभे करा. दागिने घरात राहू द्या. बँकेकडून ८० हजारांचे तीन वर्षांचे हप्त्याचे कर्ज घ्या. अकरा टक्क्यांनी महिना २ हजार ६०० बसतात आणि दूध असो वा नसो, ते तुमच्या पगारातून निघतात. ठेवीबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही: त्यातले तीस हजार म्हशीत घाला आणि वीस हजार भाकड काळाच्या खाद्य-कडब्यासाठी वेगळे ठेवा, पाच महिन्यांना सतरा हजार लागतातच. म्हणजे तुमची ऐपत सध्या १ लाख १० हजारांची आहे आणि व्यापारी त्यावर अडून राहिला तर ही म्हैस सोडा. घेतलीत, तर पहिल्याच दिवशी तिचा विमा उतरवा. किमतीच्या तीन ते पाच टक्के हप्ता पडतो, आणि कानातला बिल्ला हरवला तर दावा अडतो, तेव्हा तो पडल्यास लगेच कंपनीला कळवून नवा बसवून घ्या.

राहिला दुधाचा दर. कराडात सत्तर रुपयांचा रतीब लागत असेल आणि त्यातून निम्मे दूध गेले, तर बारा लिटरच्या म्हशीमागे वेताला वीस हजारांहून जास्त सुटतात, म्हणजे व्यापाऱ्याशी घासाघीस करून वाचणाऱ्या दहा हजारांच्या दुप्पट, आणि तेही प्रत्येक वेताला. म्हशीला बघायला जाण्याआधी पाच-सहा घरे ठरवून ठेवा.