रिटर्नचा आकडा फोडून बघ

अगं,

तुझ्या कपड्यांच्या ऑर्डरची शीट बघितली. वर एकच आकडा, रिटर्न १४ टक्के, आणि खाली तू विचारलंयस की हा जास्त आहे का. त्या एका आकड्यावरून मी काय सांगू, त्यात दुपट्टेही आले नि कुर्तेही आले.

आधी डिलिव्हरीच न झालेली पार्सलं बाजूला काढ, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांनी दार न उघडल्यामुळे परत आलेली. त्यांचा माल वाईट असण्याशी काहीएक संबंध नाही, गिऱ्हाइकाने तो बघितलाच नाही ना. मग परत आलेलं पार्सल ज्या महिन्यात ऑर्डर झालं त्या महिन्यात मोज, आलं त्या महिन्यात नको. दिवाळीची विक्री जोरात असते आणि तिचे रिटर्न पुढच्या महिन्यात येतात, तेव्हा विक्री कमी असते, मग उगाच टक्केवारी भडकते आणि तू घाबरतेस.

आता कॅटेगरी, आणि तिच्या आत साइज. माझंच सांगते. एका सीझनला रेयॉनचे ४०० कुर्ते पोचले, ७२ परत आले, १८ टक्के. मला वाटलं कापड आटतंय. साइजप्रमाणे फोडलं तर एल साइजचे १२० मधले ४१ परत, बाकी २८० मधले फक्त ३१. कापडच आटलं असतं तर सगळ्याच साइज रडल्या असत्या, एकच कशी रडेल?

कारणाच्या रकान्यात मात्र बहुतेकांनी 'आवडलं नाही' टाकलेलं, कारण यादीत तेच पहिलं होतं. खरं कळलं एक्स्चेंजवरून, ४१ पैकी २६ जणींनी एक्सएल मागितला होता. मग स्टॉकमधले दहा एल काढले, टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावली. २० इंच हवं होतं, भरलं सव्वाएकोणीस, म्हणजे छातीत दीड इंच कमी 🙄 कटिंग मास्तरकडे एलचा पॅटर्नच चुकीचा कापलेला निघाला. उरलेल्या पिसेसवर साइज चार्ट बदलून ३८.५ लिहिलं आणि पुढच्या लॉटला नवा पॅटर्न केला.

रिफंडचा वेगळा रकाना ठेव बरं का. बटण तुटलं, रंग गेला, तर आपण पैसे देतो नि माल परत मागवत नाही, तो रिटर्नमध्ये दिसतच नाही. आणि क्वालिटीचा घोळ साइजमध्ये नाही तर लॉटमध्ये सापडतो, म्हणून लॉट नंबर लिहीत जा, मी सुरुवातीला लिहायचे नाही आणि मग डोकं धरून बसायचे.

तुझ्या साड्यांचं म्हणशील तर ९ विकल्या, ३ परत आल्या. ३३ टक्के बघून सप्लायर बदलू नकोस लगेच, तीनच पार्सलं आहेत, उघडून बघ आणि त्या तिघींना फोन कर.

ताई